बॅटरीच्या अर्ध्यामुर्ध्या चार्ज-डिस्चार्जमधून पूर्ण सायकली मोजायच्या कशा? रेनफ्लो पद्धत, आधी हाताने आणि मग कोडने

घरच्या सोलरला जोडलेल्या लिथियम बॅटरीच्या माहितीपत्रकात एक ओळ ठळक छापलेली असते: ८० टक्के खोलीच्या, म्हणजे दर वेळी ८० टक्के उतरवण्याच्या, इतक्या हजार सायकली. कारखान्याच्या चाचणीत बॅटरी पूर्ण भरतात, ठरलेल्या टक्क्यापर्यंत उतरवतात, पुन्हा भरतात आणि हेच हजारो वेळा करतात. घरात आल्यावर मात्र तीच बॅटरी तशी एकदाही वागत नाही. सकाळी ३० टक्क्यांवरून चढायला लागते. अकराच्या सुमारास ढग येतो, तेवढ्यात कोणीतरी पाण्याची मोटर लावतं, आणि ती दहा-बारा टक्के खाली येते. मग ऊन पडतं, पुन्हा चढते. संध्याकाळी उतरते, रात्री तासभर वीज येते तेव्हा थोडी भरते, आणि पहाटेपर्यंत पुन्हा ३० वर. आता या सगळ्यात सायकली किती झाल्या?

"एक दिवस म्हणजे एक सायकल" हे उत्तर सोपं आहे, पण त्यात खोलीचा विचारच नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, त्यातला सायकल-काउंटर बऱ्याचदा दुसरं उत्तर देतो: बाहेर गेलेले अँपिअर-तास साठवत जायचे, आणि बेरीज बॅटरीच्या क्षमतेइतकी झाली की एक सायकल धरायची. हिशेब म्हणून तो चोख आहे, पण त्याच्या लेखी १० टक्क्यांचे सहा हेलकावे आणि ६० टक्क्यांचा एक हेलकावा सारखेच. बॅटरीच्या लेखी ते सारखे नसतात. भरताना ग्रॅफाइटचे कण सुमारे १० टक्के फुगतात, रिकामं होताना आकसतात, आणि त्यांच्यावरचं पातळ आवरण त्या ताणाने तडकतं. हेलकावा जितका खोल, तितका हा ताण मोठा. त्यामुळे झीज खोलीच्या प्रमाणात नाही, तर साधारणपणे त्याहून वेगाने वाढते.

म्हणजे आधी ओबडधोबड आलेखातून "कुठल्या खोलीचे किती हेलकावे" हे काढायचं, आणि मग प्रत्येकाला त्याच्या खोलीप्रमाणे वजन द्यायचं. रेनफ्लो पहिलं काम करते. दुसरं काम ती करत नाही, आणि बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो.

पागोळ्यांची कल्पना

ही पद्धत बॅटरीसाठी जन्मलेली नाही. जपानमध्ये तात्सुओ एंडो आणि मात्सुइशी यांनी १९६८ मध्ये ती धातूच्या थकव्यासाठी मांडली. पूल, धुरा, विमानाचा पंख यांवरचा भार असाच वेडावाकडा चढत-उतरत असतो, आणि प्रयोगशाळेतली आकडेवारी मात्र एकसारख्या हेलकाव्यांची असते. अडचण तीच.

आलेख आडवा न ठेवता उभा करा, म्हणजे वेळ वरून खाली जाईल. प्रत्येक चढ आणि प्रत्येक उतार आता पॅगोडाच्या एकाखाली एक असलेल्या छपरांसारखा दिसतो. वरून पाऊस पडतोय असं समजा. पाणी एका छपरावरून ओघळतं, वळचणीवरून पागोळी होऊन खालच्या छपरावर पडतं आणि पुढे वाहतं. वरून येणारी धार आडवी आली की थांबतं. कौलारू घरात वाढलेल्याला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. लहान छपरावरचं पाणी लवकर अडतं, म्हणजे तो छोटा हेलकावा. मोठी धार लहान छपरांना ओलांडून थेट खालपर्यंत जाते, तो मोठा हेलकावा. मधल्या ढगामुळे किंवा मोटरीमुळे मोठ्या हेलकाव्याचे तुकडे होत नाहीत, हे या पद्धतीचं मर्म आहे.

प्रत्यक्ष मोजताना मात्र पाऊस विसरून जा. एका वेळी चार बिंदू पाहण्याचा जो नियम आहे तो याच सायकली काढतो आणि हाताने करायला फार सोपा आहे. त्याआधी आकडे साफ करायला हवेत.

पहिली पायरी: आकडे स्वच्छ करणे

इन्व्हर्टर किंवा बीएमएसमधून तुम्हाला वेळ आणि एसओसी, म्हणजे बॅटरी किती टक्के भरलेली आहे, अशी यादी मिळते. घरच्या बॅटरीला पाच मिनिटांना एक नोंद पुरते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ब्रेक लावताना बॅटरी क्षणभर भरते, तिथे काही सेकंदांना एक नोंद हवी, नाहीतर छोटे हेलकावे नोंदीतच येणार नाहीत.

या यादीत दोन खोट असतात आणि दोन्ही निकाल बिघडवतात.

एक म्हणजे थरथर. बीएमएस पूर्ण टक्क्यांत आकडा दाखवतं, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना तो ७१, ७२, ७१, ७२ असा नाचतो. असे १ टक्क्याचे शंभर खोटे हेलकावे दिवसात जमले, तर त्यांची बेरीज आख्खी १०० टक्के, म्हणजे बॅटरी न वापरताच एक पूर्ण सायकल! खोलीप्रमाणे वजन दिल्यावर हा दोष कमी होतो, पण जात नाही. उपाय असा: एखादा माथा तेव्हाच खरा धरायचा, जेव्हा आकडा तिथून किमान २ टक्के खाली आलेला असेल. तळही तेव्हाच धरायचा, जेव्हा तिथून किमान २ टक्के वर गेलेला असेल. ही उंबरठ्याची मर्यादा मनाने ठरवू नका. एकाच महिन्याचा हिशेब १, २ आणि ३ टक्क्यांच्या उंबरठ्याने करून बघा. १ वरून २ वर जाताना निकाल धाडकन पडला आणि २ वरून ३ वर जाताना जवळपास तसाच राहिला, तर थरथर २ मध्येच गेली असं समजा.

दुसरी खोट जास्त फसवी आहे. आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएस व्होल्टेज पाहून टक्के सांगू शकत नाही. ते आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहतं, आणि त्यातली बारीक चूक दिवसेंदिवस साठत जाते. मग एखाद्या दुपारी बॅटरी खरोखर भरते, व्होल्टेज वर उसळतं, बीएमएसला आपली चूक कळते आणि आकडा एका मिनिटात ८३ वरून १०० वर उडी मारतो. रेनफ्लोला ती उडी म्हणजे १७ टक्क्यांचं चार्जिंग वाटतं.

ती ओळखायची कशी, तर करंटवरून. बॅटरी १०० अँपिअर-तासांची आणि चार्जर जास्तीत जास्त ५० अँपिअरचा असेल, तर एका मिनिटात ०.८३ टक्क्यांहून जास्त चढणं शक्यच नाही. त्याहून मोठा बदल दिसला की तो हिशेब दुरुस्तीचा, खऱ्या विजेचा नव्हे. अशा ठिकाणी उडीचा फरक मागच्या पूर्ण चार्जपासून इथपर्यंतच्या काळावर थोडा-थोडा पसरवून द्या. चूक तशीच हळूहळू साठलेली होती, त्यामुळे हे सत्याच्या जवळ जातं. उडी नुसती पुसून टाकली, तर पुढचे सगळे आकडे चुकीच्या पातळीवर राहतात.

साफसफाई झाली की फक्त वळणाचे बिंदू ठेवा, म्हणजे जिथे चढ संपून उतार सुरू झाला किंवा उतार संपून चढ. मधले सगळे आकडे टाकून द्या. दिवसाच्या २८८ नोंदींमधून आठ-दहा बिंदू उरतात.

दुसरी पायरी: चार बिंदूंचा नियम

वर सांगितलेल्या घराचा एक दिवस घेऊ. वळणबिंदू असे:

सकाळी ६:३० ला ३०. ११:०० ला ६२. ढग आणि मोटर यामुळे ११:४० ला ५०. दुपारी ३:३० ला ९२. मग ढग आणि इस्त्री, ५:१० ला ७८. मावळतीच्या उन्हात ५:५० ला ८४. रात्री १०:३० ला ४४. तेव्हा वीज आली, तासाभरात ५४. वीज पुन्हा गेली आणि दुसऱ्या दिवशी ६:३० ला परत ३०.

म्हणजे ३०, ६२, ५०, ९२, ७८, ८४, ४४, ५४, ३०.

नियम असा. शेवटचे चार बिंदू पाहा. त्यांच्यात तीन अंतरं असतात: पहिलं, मधलं, शेवटचं. मधलं अंतर दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा लहान किंवा त्यांच्याइतकं असेल, तर मधले दोन बिंदू मिळून एक पूर्ण सायकल झाली. तिची खोली वहीत लिहा, ते दोन बिंदू खोडा, आणि उरलेल्या यादीवर पुन्हा तेच पाहा. नियम बसला नाही तर पुढचा बिंदू यादीत घ्या.

करून बघू. पहिले चार: ३०, ६२, ५०, ९२. अंतरं ३२, १२, ४२. मधलं १२ दोन्हींपेक्षा लहान. म्हणून १२ टक्क्यांची एक सायकल लिहिली आणि ६२ व ५० खोडले. यादीत उरले ३०, ९२. इथे जे घडलं तेच या पद्धतीचं सार आहे: मधली मोटर बाजूला निघाली, आणि सकाळच्या ३० पासून दुपारच्या ९२ पर्यंतचा चढ अखंड झाला.

आता ७८ आणि ८४ घेतले. ३०, ९२, ७८, ८४, अंतरं ६२, १४, ६. मधलं १४ शेवटच्या ६ पेक्षा मोठं आहे, नियम बसत नाही. ४४ घेतला. शेवटचे चार ९२, ७८, ८४, ४४, अंतरं १४, ६, ४०. बसला. ६ टक्क्यांची सायकल लिहिली, ७८ व ८४ खोडले. उरले ३०, ९२, ४४.

५४ घेतला: अंतरं ६२, ४८, १०, बसत नाही. शेवटचा ३० घेतला: ९२, ४४, ५४, ३०, अंतरं ४८, १०, २४. बसला. १० टक्क्यांची सायकल लिहिली. उरले ३०, ९२, ३०.

आता चार बिंदू उरलेच नाहीत. या उरलेल्या साखळीतल्या प्रत्येक अंतराला अर्धी सायकल धरतात. ३० ते ९२ अर्धी आणि ९२ ते ३० अर्धी, दोन्ही ६२ खोलीच्या, म्हणजे मिळून ६२ ची एक पूर्ण सायकल.

त्या दिवसाचा हिशेब झाला: ६२, १२, १० आणि ६ टक्क्यांची प्रत्येकी एक.

हाताने मोजलं की चूक झाली नाही ना, हे पाहायची एक सोपी तपासणी आहे. सगळ्या चढांची बेरीज करा: ३२ + ४२ + ६ + १० = ९०. उतारांची बेरीजही ९०. आणि सायकलींच्या खोलींची बेरीज: ६२ + १२ + १० + ६ = ९०. सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर असेल तर ही जुळायलाच हवी, कारण रेनफ्लो फक्त तुकडे नव्याने जोडते, वीज निर्माण करत नाही. माझ्या कोडमध्ये ही तपासणी कायम असते. बेरीज जुळली नाही तर पुढचा एकही आकडा मी बघत नाही.

तिसरी पायरी: खोलीला वजन

आता समतुल्य पूर्ण सायकली. माहितीपत्रकात दोन वेगवेगळ्या खोलींची आकडेवारी शोधा. उदाहरणासाठी असं धरू, की ८० टक्के खोलीला ४००० आणि ५० टक्क्यांना ८००० सायकली दिल्या आहेत. यातून एक घातांक निघतो:

```
k = ln(8000/4000) / ln(80/50) = 0.693 / 0.470 ≈ 1.47
```

सोयीसाठी १.५ धरू. मग १०० टक्के खोलीच्या एका सायकलच्या तुलनेत `d` टक्के खोलीच्या सायकलची झीज `(d/100)^k` इतकी. आपल्या दिवसासाठी:

६२ ची ०.४८८, १२ ची ०.०४२, १० ची ०.०३२ आणि ६ ची ०.०१५. बेरीज सुमारे ०.५८ समतुल्य पूर्ण सायकल.

अशी बेरीज करणं म्हणजे पामग्रेन आणि मायनर यांचा नियम. पामग्रेनने तो १९२४ मध्ये बेअरिंगसाठी आणि मायनरने १९४५ मध्ये विमानांच्या धातूसाठी मांडला. प्रत्येक हेलकावा आयुष्याचा आपापला वाटा खातो आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो, हे त्यातलं गृहीतक आहे. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बीएमएसचा काउंटर त्याच दिवसाला ०.९० म्हणाला असता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाची दुसऱ्याशी तुलना करू नका. किती वीज फिरली हे ०.९० सांगतो, आणि माहितीपत्रकातल्या १०० टक्के खोलीच्या सायकलींपैकी किती खर्च झाल्या हे ०.५८ सांगतो. म्हणून आकड्यासोबत "१०० टक्के खोलीच्या तुलनेत" हे शब्द नेहमी लिहा. काहीजण ८० टक्के खोलीच्या तुलनेत मोजतात, तेव्हा हाच दिवस साधारण ०.८ होतो.

आणि रेनफ्लो न लावता प्रत्येक चढ-उताराला सरळ अर्धी सायकल धरली असती तर? मी करून पाहिलं: ०.४८ येतं, म्हणजे सुमारे एक षष्ठांशाने कमी. ६२ चा मोठा हेलकावा ३२, ४२, १४, ४०, २४ अशा तुकड्यांत विखुरतो आणि त्याची खोल झीज हिशेबातून निसटते.

एक गोष्ट इथे स्पष्ट होते. घातांक १ असेल तर सगळ्या पद्धती ०.९० च देतात, आणि रेनफ्लोची गरजच उरत नाही. तुमच्या बॅटरीच्या माहितीपत्रकात खोली अर्धी केल्यावर सायकली फक्त दुप्पट होत असतील, तर विजेची बेरीज पुरे. म्हणून कोड लिहायच्या आधी घातांक काढा.

कोड

वरचा सगळा नियम इतक्या ओळींत मावतो:

```python
def rainflow4(tp):
    s, full = [], []
    for x in tp:
        s.append(x)
        while len(s) >= 4:
            a, b, c, d = s[-4:]
            m = abs(c - b)
            if m <= abs(b - a) and m <= abs(d - c):
                full.append(m)
                del s[-3:-1]
            else:
                break
    return full, s

full, rest = rainflow4([30, 62, 50, 92, 78, 84, 44, 54, 30])
half = [abs(q - p) for p, q in zip(rest, rest[1:])]
k = 1.5
efc = sum((d/100)**k for d in full) + 0.5*sum((d/100)**k for d in half)
```

`full` मध्ये १२, ६, १० आणि `rest` मध्ये ३०, ९२, ३० यायला हवेत. `efc` सुमारे ०.५७६. तयार लायब्ररी हवी असेल तर `pip install rainflow`. तिचं `rainflow.extract_cycles` प्रत्येक सायकलची खोली, सरासरी पातळी आणि ती पूर्ण की अर्धी हे देतं. तरी एकदा हा छोटा कोड स्वतःच्या दिवसावर चालवून हाताच्या हिशेबाशी ताडून पाहा, म्हणजे लायब्ररीला दिलेल्या आकड्यांत गडबड असेल तर ती कळेल.

मध्यरात्री कात्री लावू नका

इन्व्हर्टर बहुधा दररोजची वेगळी फाइल देतो. मीही सुरुवातीला प्रत्येक फाइल स्वतंत्र मोजून महिन्याची बेरीज करत असे. उन्हाळ्यात त्याने फार बिघडलं नाही. पावसाळ्यात मात्र हिशेब चुकला, आणि तो का चुकला हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

जुलैतली झड डोळ्यांसमोर आणा. सोमवारी संध्याकाळी बॅटरी ९० वर. रात्रीत ५५. मंगळवारी अंधुक उजेडात कशीबशी ७० पर्यंत, रात्रीत ३८. बुधवारी ५२ पर्यंत, रात्रीत २०. गुरुवारी उघडलं आणि थेट ९०. वळणबिंदू: ९०, ५५, ७०, ३८, ५२, २०, ९०.

चार बिंदूंचा नियम लावला की १५ ची एक आणि १४ ची एक सायकल निघते, आणि उरते ९०, २०, ९०, म्हणजे ७० टक्के खोलीची एक पूर्ण सायकल, जी तीन दिवस पसरलेली आहे. कुठल्याही एका रात्री बॅटरी ३५ टक्क्यांहून जास्त उतरली नव्हती, तरी आतल्या कणांनी ९० पासून २० पर्यंतचं आकसणं आणि परत फुगणं सोसलं. घातांक १.५ ने झीज ०.७०.

आता तोच काळ मध्यरात्री कापला. समजा मध्यरात्री पातळी ७२, ५४ आणि ३६ होती. सोमवारच्या फाइलला फक्त ९० ते ७२ दिसतं. मंगळवारच्या फाइलला १५ ची सायकल आणि ७२ ते ५४ ची अर्धी. बुधवारच्या फाइलला १४ ची सायकल आणि ५४ ते ३६ ची अर्धी. गुरुवारला ३६ ते २० अर्धी, मग २० ते ९० अर्धी. ९० ते २० चा लांब उतार कुणालाच दिसला नाही. बेरीज ०.५५, म्हणजे खऱ्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी. बॅटरीला सर्वात जास्त त्रास झाला त्याच आठवड्यात हिशेब सर्वात जास्त चुकतो.

उपाय सोपा आहे. दिवसाच्या शेवटी उरलेली साखळी फेकू नका आणि तिला लगेच अर्ध्या सायकलीही धरू नका. ती तशीच जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवसाचे बिंदू तिच्यापुढे जोडत जा. कोडमधली `s` ही यादी फाइलमध्ये साठवून पुढच्या दिवशी तिथूनच सुरू करा. जागा फार लागत नाही, साखळीत सहसा काहीच बिंदू असतात, कारण लहान सायकली रोज निघून जातात. अर्ध्या सायकलींचा हिशेब फक्त अहवाल लिहायच्या वेळी, तात्पुरता करा. साखळी तशीच पुढे न्या.

दोन दिवसांच्या जोडावर एक बारीक काळजी घ्या. मध्यरात्रीचा शेवटचा आकडा वळणबिंदू नसतो. तो वळणबिंदू म्हणून यादीत घुसला तर साखळीत खोटं टोक येतं. उंबरठ्याच्या गाळणीला आधीच्या दिवसाचा शेवट माहीत असला पाहिजे, म्हणून तीही दिवसागणिक नव्याने सुरू न करता चालू ठेवा. नोंदी मध्येच तुटल्या, वायफाय गेलं, तर रिकाम्या जागेत सरळ रेघ ओढली जाते आणि मधलं टोक हरवतं, म्हणजे खोली कमी दिसते. तुटलेला काळ काही तासांचा असेल तर निकालाशेजारी तशी नोंद करा.

या आकड्याचा उपयोग किती आणि कशासाठी

माहितीपत्रकातून १०० टक्के खोलीच्या सायकली निघतात `4000 × (0.8)^1.5`, म्हणजे साधारण २८६०. रोज ०.५८ खर्च झाली तर सुमारे ४९५० दिवस, साडेतेरा वर्षं. हा आकडा कोणाला आश्वासन म्हणून देऊ नका. बॅटरी न वापरताही म्हातारी होते, उष्णतेत जास्त वेगाने, आणि पूर्ण भरून ठेवली तर अजून वेगाने. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीखालच्या बंद खोलीत ठेवलेल्या बॅटरीला ही दुसरी झीज सायकलींच्या झिजेपेक्षा मोठी असू शकते, आणि रेनफ्लोला तिचा पत्ता नसतो. ती वेगळी मोजून यात मिळवावी लागते.

रेनफ्लो वेळ टाकून देते, म्हणून करंट किती होता हेही जातं. ६२ टक्के दोन तासांत उतरले की बारा तासांत, दोन्ही सारखेच दिसतात. पातळी मात्र वाचवता येते: प्रत्येक सायकलच्या खोलीसोबत तिची सरासरी एसओसी आणि त्या काळातलं सरासरी तापमान लिहून ठेवा. ८५ ते १०० मधला १५ टक्क्यांचा हेलकावा आणि ४५ ते ६० मधला १५ टक्क्यांचा हेलकावा यांना पुढे वेगळं वजन द्यावंसं वाटलं, तर हाताशी माहिती असेल. आणि पामग्रेन-मायनरचं "क्रम महत्त्वाचा नाही" हे गृहीतक बॅटरीला धातूइतकंही लागू पडत नाही, म्हणून शेकडा पाच-सात टक्क्यांच्या फरकावर कुठलाही निर्णय बेतू नका.

ही पद्धत खरी कामाला येते ती दोन सेटिंग्जची तुलना करताना, कारण तिथे ४००० हा आकडा दोन्ही बाजूंना असतो आणि कटून जातो. जुलैच्या त्याच झडीत इन्व्हर्टरची खालची मर्यादा २० ऐवजी ४० ठेवली असती, आणि त्याखाली ग्रिडची वीज वापरली असती, तर? बिंदू होतात ९०, ५५, ७०, ४०, ५२, ४०, ९०. सायकली ५०, १५ आणि १२. झीज ०.७० वरून ०.४५ वर आली, ३५ टक्के कमी. बॅटरीतून मिळालेली वीज मात्र ९९ वरून ७७ वर, म्हणजे २२ टक्केच कमी.

घातांकाची खात्री नसेल तर तो बदलून पाहा. १.२ धरला तर झीज २७ टक्के कमी होते, २ धरला तर ४६ टक्के. तिन्ही वेळा झिजेतली बचत विजेतल्या घटीपेक्षा मोठीच राहते, म्हणजे घातांक थोडा चुकला तरी या घरात निर्णय बदलत नाही. फक्त रात्री वीज नक्की येणार असेल तरच. जिथे फीडर रात्रभर बंद असतो, तिथे ४० ची मर्यादा म्हणजे पहाटे अंधार.